भज्यांची प्लेट, एक रेषा आणि तीन उत्तरं

पत्र

मॅडम, मी बारावी कला शाखेत आहे. आई-बाबा ऊसतोडीला गेलेत. घरी मी, धाकटा भाऊ आणि आजी. अभ्यासाला पहाटे एक तास आणि रात्री एक तास मिळतो. आमचे सर म्हणाले, अर्थशास्त्रात संकल्पना, आकृत्या, गणितं आलटून पालटून करा. म्हणून मी सोमवारी व्याख्या, मंगळवारी आकृत्या, बुधवारी गणितं असं करते. वहीत सगळं बरोबर येतं. पण सराव परीक्षेत लवचिकतेचं गणित आलं, उत्तर १ निघालं, म्हणून ‘एकक लवचिक, एकूण खर्च तेवढाच राहतो’ असं लिहिलं. मग खर्च मांडून बघितला तर तो कमी झालेला! घाबरून दोन्ही खोडलं. आकृतीतही ‘पसरट रेषा म्हणजे जास्त लवचिक’ लिहिलं तर सरांनी प्रश्नचिन्ह काढलं. आलटून पालटून करूनही असं का होतं?

— एक विद्यार्थिनी, केज तालुका

उत्तर

बाळा, तू खोडलेल्या दोन्ही उत्तरांतला हिशोब बहुतेक बरोबरच होता. खोडायला नको होतं. पण ते दोन हिशोब एकमेकांशी भांडताहेत हे तुला परीक्षेच्या हॉलमध्ये पहिल्यांदा कळलं. ते भांडण घरी, वहीतच व्हायला हवं होतं.

तुझा सोमवार, मंगळवार, बुधवार बघ. सोमवारी तू कदाचित उपयोगितेच्या व्याख्या करतेस, मंगळवारी पुरवठ्याची आकृती, बुधवारी निर्देशांकाचं गणित. फिरतंय सगळं, पण एकाच प्रकरणाची व्याख्या, आकृती आणि गणित कधी एका पानावर भेटतच नाहीत. आलटून पालटून करायचं ते एकाच संकल्पनेचं, आणि तेही तेच आकडे घेऊन. आकडा वाक्यात सांगायचा, तोच आकडा आकृतीत दाखवायचा, त्याच आकड्याचं गणित करायचं. तिन्हींचं उत्तर जुळलं तर पुढे जायचं. नाही जुळलं तर तिथंच थांबायचं, कारण शिकण्यासारखं तिथंच असतं.

लवचिकतेवरच करून दाखवते, तुझं अडलंयही तिथंच. वही, आलेखाचा कागद, पट्टी आणि पेन्सिल घेऊन बस आणि वाचता वाचता काढत जा.

समज, बसस्टँडवर भज्यांचा एक गाडा आहे. प्लेट १० रुपयांना असेल तर दिवसाला १०० प्लेटा जातात. किंमत १ रुपयाने वाढवली की १० प्लेटा कमी जातात, १ रुपयाने उतरवली की १० जास्त जातात. हे आकडे मी मुद्दाम सोपे घेतलेत, खऱ्या गाड्याचे नाहीत. म्हणजे ५ रुपयांना १५० प्लेटा, १२ रुपयांना ८०, १५ रुपयांना ५०. २० रुपये केली तर कुणीच घेणार नाही. आणि फुकट वाटली तरी २०० च्या वर जाणार नाहीत.

आधी आकृती काढ. उभ्या य अक्षावर किंमत, आडव्या क्ष अक्षावर मागणी. (गणिताच्या तासाला ज्याच्यामुळे बदल होतो ते आडव्या अक्षावर घेतात, इथं किंमत उभ्या अक्षावर असते. अर्थतज्ज्ञ मार्शलने ती तशी मांडली आणि अर्थशास्त्रात तीच पद्धत राहिली. बऱ्याच मुलांचे अक्ष इथंच उलटे होतात.) प्रमाण घे : उभ्या अक्षावर १ सेंटिमीटर म्हणजे २ रुपये, आडव्यावर १ सेंटिमीटर म्हणजे २० प्लेटा. आता य अक्षावरचा २० आणि क्ष अक्षावरचा २०० पट्टीने जोड. सरळ रेषा येईल, जवळपास १४ सेंटिमीटरची. या रेषेवर ५, १०, १२ आणि १५ रुपयांचे चार बिंदू ठळक कर.

आता गणित. किंमत १० वरून १२ झाली, म्हणजे २० टक्के वाढली. मागणी १०० वरून ८० झाली, म्हणजे २० टक्के घटली. मागणीतला शेकडा बदल भागिले किमतीतला शेकडा बदल : २० भागिले २०, लवचिकता १. (चिन्ह उणे येतं, पण लवचिकता सांगताना आपण ते सोडून देतो.) म्हणजे एकक लवचिक.

लगेच तिसरीकडे वळ, एकूण खर्चाकडे. १० रुपयांना १०० प्लेटा म्हणजे १००० रुपये. १२ रुपयांना ८० प्लेटा म्हणजे ९६० रुपये. खर्च ४० रुपयांनी घटला. किंमत वाढल्यावर एकूण खर्च घटला तर मागणी जास्त लवचिक, असं तूच सोमवारी पाठ केलंयस. एक पद्धत म्हणते एकक लवचिक, दुसरी म्हणते जास्त लवचिक. तुझ्या पेपरात झालं ते हेच असणार. आता न घाबरता पुढे चल.

तोच गाडा, पण किंमत उलटी फिरव. गाडेवाल्याने १२ ची प्लेट १० ला केली. किंमत १२ वरून २ रुपयांनी उतरली, म्हणजे सुमारे १६.६७ टक्के. मागणी ८० वरून २० ने वाढली, म्हणजे २५ टक्के. २५ भागिले १६.६७, लवचिकता १.५. तीच रेषा, तेच दोन बिंदू, तेच २ रुपये आणि त्याच २० प्लेटा. चढताना लवचिकता १ आणि उतरताना दीड!

याचं कारण टक्केवारीत आहे. टक्के काढताना आपण भागतो ते मूळ किमतीने आणि मूळ मागणीने. चढताना मूळ आकडे १० आणि १०० होते, उतरताना ते १२ आणि ८० झाले. बदल तेवढाच, पण भागणारा आकडा बदलला की टक्का बदलतो. म्हणजे शेकडेवारीच्या गणिताचं उत्तर खरं तर निघाल्या ठिकाणच्या बिंदूचं असतं, दोन बिंदूंमधल्या वाटेचं नसतं. एकूण खर्च मात्र दोन्ही टोकं बघतो, आधीचंही आणि नंतरचंही. म्हणून बदल मोठा असला की या दोघांचं जमत नाही. भज्याच्या प्लेटेत २० टक्के हा मोठाच बदल.

खात्री हवी असेल तर दोन्ही टोकांची सरासरी घेऊन बघ. किमतीची सरासरी ११, मागणीची ९०. २० भागिले ९० म्हणजे सुमारे २२.२ टक्के, २ भागिले ११ म्हणजे सुमारे १८.२ टक्के. भागाकार येतो १.२२. एकापेक्षा जास्त, म्हणजे जास्त लवचिक, आणि एकूण खर्चही हेच सांगत होता. सरासरीने काढलेलं उत्तर आणि एकूण खर्च यांचं कधीच भांडण होत नाही. बीजगणिताने ते सिद्ध करता येतं, वेळ मिळाला तर करून बघ. पण ही सरासरीची पद्धत बोर्डाच्या पेपरात लिहू नकोस. तिथं पुस्तकातल्या सूत्राने, मूळ किंमत आणि मूळ मागणी धरूनच गणित सोडवायचं. सरासरी फक्त तुझ्या समजुतीसाठी. आणि शेकडेवारीने गणित विचारलं असेल तर उत्तर काढून प्रकार लिहून थांबायचं. न विचारलेल्या खर्चाबद्दल आपल्या मनाने वाक्य जोडायचं नाही. तुझे मार्क गेले असतील तर ते बहुधा या जोडलेल्या वाक्यामुळे आणि खाडाखोडीमुळे.

आता पुन्हा आकृतीकडे. बिंदू पद्धत तुला माहीत आहे : बिंदूच्या खालचा रेषेचा भाग भागिले वरचा भाग. पट्टी घे आणि खरंच मोज. ५ रुपयांच्या बिंदूपासून खाली क्ष अक्षापर्यंत साधारण साडेतीन सेंटिमीटर भरेल, वर य अक्षापर्यंत साधारण १०.६. भागाकार ०.३३. दहाच्या बिंदूवर खाली-वर सारखंच, सात-सात सेंटिमीटर, लवचिकता १. बाराच्या बिंदूवर खाली साडेआठ, वर ५.७ च्या आसपास, म्हणजे दीड. पंधराच्या बिंदूवर खाली १०.६, वर साडेतीन, म्हणजे ३.

बघितलंस? १० वरून निघालेल्या गणिताने १ दिलं होतं, १२ वरून निघालेल्याने दीड दिलं होतं. पट्टीने मोजलेले आकडे हुबेहूब तेच. गणिताची दोन उत्तरं म्हणजे रेषेवरचे दोन बिंदू होते. वहीच्या एका पानावर गणित, दुसऱ्या पानावर आकृती ठेवली असती तर हे कधी दिसलं नसतं.

एकूण खर्चाचा स्तंभही त्याच पानावर मांड. ५ रुपयांना १५० प्लेटा, खर्च ७५०. १० ला १००, खर्च १०००. १५ ला ५०, पुन्हा ७५०. रेषेच्या मधल्या बिंदूवर, जिथं लवचिकता १ आहे, तिथं खर्च सगळ्यात जास्त. त्याच्या खालच्या भागात किंमत वाढवली की खर्च वाढतो, वरच्या भागात वाढवली की घटतो. हे वाक्य पाठ करायची गरज उरली का? चार बिंदू आणि तीन गुणाकार, एवढ्यावर ते तुला कधीही पुन्हा काढता येईल.

सरांच्या प्रश्नचिन्हाचंही उत्तर याच रेषेत आहे. रेषा एकच आहे, तिचा उतार वरपासून खालपर्यंत तोच आहे, तरी लवचिकता ३ पासून ०.३३ पर्यंत बदलली. मग नुसती ‘पसरट’ किंवा ‘उभट’ बघून लवचिकता कशी सांगणार? आणखी एक करून बघ. तीच रेषा दुसऱ्या कागदावर काढ, पण आडव्या अक्षावर १ सेंटिमीटर म्हणजे ५० प्लेटा घे. रेषा एकदम उभी दिसायला लागेल. तिसऱ्या कागदावर आडवं प्रमाण पहिल्यासारखंच २० प्लेटा ठेव आणि उभ्या अक्षावर १ सेंटिमीटर म्हणजे ५ रुपये घे. आता ती पसरट दिसेल. गाडा तोच, गिऱ्हाईक तेच, फक्त प्रमाण बदललं.

मग पुस्तकात पसरट वक्र जास्त लवचिक म्हणून का दाखवतात? ते चूक नाही, पण त्याला एक अट आहे. दोन रेषा एकाच कागदावर, एकाच प्रमाणात हव्यात आणि एकाच बिंदूतून जायला हव्यात. त्या बिंदूवर पसरट रेषा जास्त लवचिक असते. आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. गावातल्या आरओच्या पाण्याचा जार १० रुपयांना, दिवसाला १०० जार जातात. १२ रुपये केले तर मागणी ९६ होते. किंमत २० टक्के वाढली, मागणी फक्त ४ टक्के घटली, लवचिकता ०.२. खर्च १००० वरून ११५२, म्हणजे वाढला. पहिल्या कागदावर हे दोन बिंदू मांड आणि जोड. भज्यांची आणि पाण्याची, दोन्ही रेषा १० रुपये आणि १०० नग या एकाच बिंदूतून जातील, आणि पाण्याची रेषा खूप उभी असेल. आता इथं ‘भज्यांची रेषा पसरट, म्हणून या बिंदूवर तिची मागणी जास्त लवचिक’ असं लिहिलंस तर कुणी प्रश्नचिन्ह काढणार नाही. ‘या बिंदूवर’ हे दोन शब्द मात्र सोडू नकोस.

आणि मग शब्दांकडे ये. पाण्याची मागणी एवढी कमी लवचिक का? पर्याय नाही म्हणून. भज्याऐवजी माणूस पोहे खाईल, घरची भाकरी बांधून आणेल किंवा उपाशी गाडी धरेल. पाण्याला दुसरं काय? एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. पाण्याला पर्याय नसतो म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या लेकरांना वेगळं समजावायला लागत नाही. ‘पर्यायांची उपलब्धता’ हा घटक लिहिताना पुस्तकातलं चहा-कॉफीचं उदाहरण चालतंच, पण पाण्याचं तू कधी विसरणार नाहीस. त्याच आकड्यांवर तू आकृती आणि गणितही केलेलं असेल.

इतकं एका बैठकीत होईल का? नाही. पहिल्या दिवशी फक्त भज्यांची रेषा, चार बिंदू आणि दोन गणितं कर. पहाटेचा तास त्यातच जाईल. रात्रीच्या तासात दुसरं प्रकरण घे. मग मध्ये एक दिवस सोडून तिसऱ्या दिवशी लवचिकतेकडे परत ये, पण या वेळी दुसऱ्या टोकाकडून. पहिल्या दिवशी आकृतीपासून सुरुवात केली होती, तर तिसऱ्या दिवशी कोऱ्या पानावर आधी गणित मांड. ‘किंमत १५ वरून १० झाली’ एवढं लिहून लवचिकता काढ (३ येते, कारण मूळ बिंदू १५ चा आहे), मग त्यावरून आकृती, शेवटी कारण शब्दांत. आठवड्याने शब्दांपासून निघ. ‘सहमत आहात किंवा नाही, सकारण लिहा’ अशा तऱ्हेचं एक विधान घे : एकाच मागणी वक्रावर लवचिकता सगळीकडे सारखी असते. उत्तर लिहिताना आकृती आणि दोन आकडे आपोआप लागतीलच. दरवेळी मागचं पान झाकून ठेवायचं. झाकलेल्या पानावरचं आठवून काढायचं, अडलं तरच उघडायचं.

चौथ्या वेळी, दोन-तीन आठवड्यांनी, चिठ्ठ्या कर. माझ्या वर्गात मी बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या ठेवायचे. एका चिठ्ठीवर फक्त आकडे. दुसरीवर फक्त आकृती, नावं न दिलेली. तिसरीवर फक्त एक वाक्य. चिठ्ठी उचलायची आणि तिच्यावर जे नाही ते दोन्ही करायचं. डब्यात सगळ्या प्रकरणांच्या चिठ्ठ्या मिसळलेल्या असतात, म्हणून पहिला प्रश्न ‘कसं सोडवायचं’ हा नसतो, ‘हे आहे तरी काय’ हा असतो. पेपरात वरती प्रकरणाचं नाव छापलेलं नसतं. तू बुधवारी ओळीने सहा लवचिकतेची गणितं करतेस तेव्हा सूत्र कोणतं हे ठरवावंच लागत नाही, हात आपोआप चालतो. नेमका तोच भाग परीक्षेत उघडा पडतो.

एक चिठ्ठी मी हमखास टाकायचे : भज्यांची किंमत १० रुपयेच आहे, पण कॉलेज सुरू झाल्यावर मागणी १०० वरून १३० झाली, लवचिकता काढा. बरीच मुलं ३० टक्के लिहून टाकतात आणि मग अडतात. किमतीतला बदल शून्य, शून्याने भागणार कसं? हे किंमत लवचिकतेचं गणितच नाही. किंमत तीच राहून मागणी वाढली म्हणजे मागणीतील वृद्धी, अख्खी रेषा उजवीकडे सरकते. किंमत उतरून मागणी वाढली असती तर तो विस्तार, त्याच रेषेवर बिंदू खाली घसरतो. विस्तार आणि वृद्धी यांच्या व्याख्या शेजारी शेजारी पाठ असूनही मुलं त्यांची अदलाबदल करतात. ज्याने या चिठ्ठीवर शून्याने भागायचा प्रयत्न एकदा केलाय तो सहसा करत नाही.

मिसळून सराव करताना एक गोष्ट जाणवेल, तिला घाबरू नकोस. सुरुवातीला चुका वाढतील आणि वाटेल की आधीचंच बरं होतं. अमेरिकेत डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना चार वेगवेगळ्या आकारांचं घनफळ काढायला शिकवलं. काहींनी एकेका प्रकाराची गणितं ओळीने केली, काहींनी सगळी मिसळून. सरावाच्या वेळी ओळीने करणाऱ्यांची ८९ टक्के बरोबर आली, मिसळून करणाऱ्यांची ६०. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा ओळीने करणारे २० टक्क्यांवर आले आणि मिसळून करणारे ६३ वर राहिले. तुझ्या पत्रातलं ‘वहीत सगळं बरोबर येतं’ वाचताना मला हेच आठवलं. पण एक ध्यानात ठेव, मिसळायचं ते पहिली ओळख झाल्यावर. भज्यांची रेषा एकदाही न काढता थेट डब्याकडे गेलीस तर नुसता गोंधळ होईल.

सगळ्याच प्रकरणांना व्याख्या, आकृती आणि गणित असं तिन्ही अंगांनी फिरवता येतं असंही नाही. सार्वजनिक वित्त किंवा नाणेबाजार-भांडवल बाजार या प्रकरणांत ओढूनताणून आकृती शोधत बसू नकोस. ती वाचून, आपल्या शब्दांत लिहूनच होतात. निर्देशांकात आकृती फारशी नाही, पण संकल्पना आणि गणित यांची जोडी घट्ट आहे, म्हणून तेवढं एक उदाहरण देते.

समज, घरात मूळ वर्षी महिन्याला २० किलो ज्वारी ३० रुपयांनी आणि ४ किलो तूरडाळ १०० रुपयांनी आणली. चालू वर्षी ज्वारी ३६ रुपये झाली आणि २५ किलो आणली. डाळ १६० झाली आणि २ किलोच आणली. लॅस्पेअरच्या पद्धतीत मूळ वर्षाचे नग धरायचे : चालू किमतीने ७२० आणि ६४०, मिळून १३६०. मूळ किमतीने ६०० आणि ४००, मिळून १०००. निर्देशांक १३६. पाशेच्या पद्धतीत चालू वर्षाचे नग : चालू किमतीने ९०० आणि ३२०, मिळून १२२०. मूळ किमतीने ७५० आणि २००, मिळून ९५०. निर्देशांक सुमारे १२८.४.

किमती त्याच, घर तेच, तरी दोन आकडे. बहुतेक मुलं इथं दोन सूत्रं पाठ करून थांबतात. पण आकड्यांकडे नीट बघ. डाळ जास्त महागली, घरानं डाळ निम्मी केली आणि भाकरी वाढवली. पाशे हे बदललेलं ताट धरतो, म्हणून त्याच्याकडे महागाई कमी दिसते. लॅस्पेअर जुनंच ताट धरतो, म्हणून जास्त दिसते. डाळीचे नग का घटले? ते तर तुझं मागणीचं प्रकरण. आजीला विचार, डाळ महागली की आमटी किती पातळ होते. तिला सूत्र माहीत नसेल, पण नग मूळ वर्षाचे की चालू वर्षाचे हा फरक तिच्या उत्तरात असेल. (दरवेळी पाशेचाच आकडा कमी येतो असं मात्र लिहू नकोस. लोकांनी महागलेली वस्तूच जास्त घेतली तर उलटही होतं.)

तुझ्या दोन तासांत हे कसं बसवायचं? पहाटेचा तास नव्या प्रकरणाला दे, तेच आकडे घेऊन तिन्ही अंगांनी. रात्रीच्या तासात आधी वीस मिनिटं झाकलेल्या जुन्या पानाला, मग उरलेला वेळ वाचून करायच्या प्रकरणांना. रविवारी डबा. भावाला चिठ्ठी उचलायला बसव, त्याला आवडेल आणि तुला कोणती चिठ्ठी येणार ते कळणार नाही. चुकलेली चिठ्ठी डब्यात परत टाकायची, बरोबर आलेली बाजूला काढून पंधरा दिवसांनी पुन्हा टाकायची. आकृती दरवेळी पट्टीनेच, दोन्ही अक्षांना नावं देऊन आणि प्रमाण लिहून काढ. हाताला तीच सवय लागली तर पेपरात वेळ जात नाही.

सराव परीक्षेची ती उत्तरपत्रिका फेकू नकोस. खोडलेलं गणित पुन्हा मांड, शेजारी रेषा काढ, तिच्यावर दोन्ही बिंदू दाखव आणि दोन्हींची लवचिकता पट्टीने मोज. मग तो कागद घेऊन सरांकडे जा आणि खर्च का घटला ते त्यांना तू समजावून सांग.